रविवारची वाक्यं

गिरधरआप्पा तीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होते. घरातल्या पंख्याला त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. आता तोच पंखा सायकलीच्या कॅरिअरला बांधून ते नंदुरबारच्या बाजारात दुरुस्तीला न्यायला निघाले, तेही एका इंग्रजी वाक्यासाठी!

त्यांच्या मुलाची, भरतची मुलगी रंजिता कॅनडात वाढली, तिला मराठी येत नव्हतं. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. हाऊ आर यू, फाइन, की संपलं. आप्पांची बायको गजराबाई होत्या तेव्हा त्या नुसत्या हातवाऱ्यांनी पोरीला हसवायच्या. त्या गेल्यावर ती शांतता आप्पांना खायला उठायची. म्हणून त्यांनी गायत्री मॅडमचा इंग्रजीचा क्लास लावला होता.

मॅडमनी समजावलं, की आय कट माय हेअर म्हणालात तर कात्री तुम्हीच चालवली असं होतं. न्हाव्याकडून कापून घेतले, तर आय हॅड माय हेअर कट. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हॅडऐवजी गॉटही चालतं.

आप्पांना खजिनाच सापडला. चपला शिवून घेतल्या, मिरची दळून घेतली, धडधाकट पंखासुद्धा दुरुस्त करून घेतला. आय गॉट माय फॅन रिपेअर्ड. रंजिता म्हणायची, नाइस, आजोबा. पुढे काही नाही.

मग एका बुधवारी मिरची बाजाराबाहेरून सायकल चोरीला गेली. आप्पांनी मॅडमना विचारलं, इथेही हॅडच कसं? मी कुठे कुणाला सांगितलं होतं चोरायला? मॅडम म्हणाल्या, आपल्यावर नकोसं काही ओढवलं तरी रचना हीच.

रविवारी आप्पा म्हणाले, "आय हॅड माय सायकल स्टोलन."

रंजिता एकदम स्क्रीनजवळ आली. कुठे गेली, कुणी नेली, तुम्ही चालत आलात का, पाय दुखले का. पोरीने इतके प्रश्न उभ्या जन्मात विचारले नव्हते. आप्पांना निम्मेच कळले, पण डोळे भरून आले. सापडली की सांगा हं, असं तिने दोनदा बजावलं.

शनिवारी संध्याकाळी शेजारचा मगन सायकल ढकलत आला.

"आप्पा, तुमनी सायकल सापडनी. बसस्टँडमांगे पडेल व्हती."

आप्पांनी सीटवरून हात फिरवला.

"तुन्हाच घर ऱ्हाऊ दे तिले," ते म्हणाले. "थोडा दिवस."

मगनला काही उमगलं नाही, पण त्याने सायकल आपल्या अंगणात लावली.

सकाळी फोन वाजला. भरत काही बोलायच्या आतच रंजिताने विचारलं, सायकल मिळाली का? खिडकीतून मगनचं अंगण दिसत होतं. आप्पांनी फोन हळूच भिंतीकडे वळवला.

"नॉट येट," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी परत विचारीन, असं ती म्हणाली.