लाल झालेल्या सात ओळी

सुप्याच्या एमआयडीसीत लहान-मोठे कारखाने पुष्कळ. त्यातल्या एका कारखान्यात निकिता कॉम्प्युटर सांभाळायची. सांभाळायची म्हणजे सगळंच. प्रिंटर अडला तरी निकिता, हजेरीचं मशीन बोट ओळखेना तरी निकिता, आणि साहेबांच्या मुलाला लॅपटॉपवर गेम टाकून हवा असला तरी निकिताच. डिप्लोमा करून आलेली चोवीस वर्षांची पोर. नोकरी टिकावी म्हणून कुणाला नाही म्हणत नव्हती.

कारखान्यात एक मोजमापाचं मशीन होतं. तयार झालेला पार्ट दगडी टेबलावर ठेवायचा, वरून बारीक सुई खाली येऊन त्याला ठिकठिकाणी टेकायची आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर मापं उमटायची. तो प्रोग्राम दोन हजार नऊ सालचा. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. मशीन चालवायचे गोरक्षकाका. वय चोपन्न, राहणार पारनेरजवळच्या एका वस्तीवर, एकोणीस वर्षं त्याच मशीनवर आणि एकोणीस वर्षं कंत्राटावरच. निकिता नवीन आली तेव्हा कँटीनच्या डाळीला नावं ठेवत त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी तिच्यापुढे सरकवली होती. तेव्हापासून ते काका आणि ही ताई.

काकांची एक रीत होती. आठवडाभर तो कॉम्प्युटर बंद करायचे नाहीत आणि प्रोग्रामही नाही. "एकदा चालू झालाय ना, मग कशाला छेडायचा," म्हणायचे. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी सगळं बंद करायचं आणि शुक्रवारी सकाळी टेबल पुसून, एक फूल वाहून चालू करायचं. काकांची एक खोडही होती. मोबाईलची बॅटरी उतरली की त्याच कॉम्प्युटरला वायर लावून चार्ज करायचे. तसं करायचं नाही अशी पाटी भिंतीवर होती. साहेब लोक पाटीकडे बघायचे, काकांकडे बघायचे आणि कानाडोळा करायचे.

त्या वर्षी पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकानं फतवा काढला: तुमच्या कॉम्प्युटरांवर जुनं, कालबाह्य सॉफ्टवेअर एकही नको, तपासणी होईल. निकितानं एक तपासणारा प्रोग्राम सगळीकडे फिरवला. जुनं सापडलं की तो लाल ओळ दाखवायचा. मोजमापाच्या कॉम्प्युटरवर सात लाल ओळी निघाल्या आणि सातही एकाच नावाच्या. व्हिज्युअल सी प्लस प्लस, म्हणजे प्रोग्रामांना चालायला लागणारं सामान, पुढे फक्त साल वेगळं. दोन हजार पाच, आठच्या दोन (एक बत्तीस बिटची, एक चौसष्टची), दहाच्या तशाच दोन, बारा, तेरा. सगळ्यांत नवीन, बावीस सालापर्यंतची जोडी तेवढी हिरवी.

एकाच गोष्टीच्या इतक्या आवृत्त्या कशाला, असं कुणालाही वाटेल. निकितालाही वाटलं. नवीन आहे तर जुन्या काय पुजायच्यात? बुधवारी दुपारी तिनं सातही काढल्या. शेवटी 'कॉम्प्युटर पुन्हा चालू करा' असा निरोप आला. काका शेजारी पार्ट मोजत होते, त्यांचा खोळंबा नको म्हणून तिनं 'नंतर' दाबलं. प्रोग्राम तसाच चालत राहिला. सुई खाली येत होती, मापं उमटत होती. निकितानं कागदावर लिहिलं, 'काढून टाकले. मशीनवर परिणाम नाही.' खाली सही केली.

परिणाम नव्हताच, कारण प्रोग्रामला जे लागतं ते त्यानं आधीच्या शुक्रवारी सुरू होतानाच उचलून मेमरीत घेतलेलं होतं. चालू प्रोग्रामला त्याची उणीव भासत नाही. ती भासते पुढच्या वेळी सुरू करताना. संध्याकाळी काकांनी सगळं नेहमीसारखं बंद केलं आणि ते घरी गेले.

शुक्रवारी प्रोग्राम उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक वाक्य आलं, 'ओके' दाबलं की पुन्हा तेच. काकांनी सहा वेळा करून बघितलं. अकराला पुण्याची गाडी माल न्यायला दारात उभी, आणि मापांच्या रिपोर्टाशिवाय माल हलत नाही. क्वालिटीचे प्रमुख आदिनाथ सर तावातावानं आले. कॉम्प्युटरला लोंबणारी मोबाईलची वायर त्यांना सगळ्यांत आधी दिसली.

"मोबाईल लावला होता?"

"बुधवारी लावला हुता साहेब. थोडाच येळ."

"झालं! व्हायरस घातला तुम्ही मशीनमध्ये. एकोणीस वर्षं झाली, ती पाटी वाचता येत नाही?"

वायर काढून काकांनी गुंडाळून खिशात ठेवली.

निकिताला बोलावणं आलं. सगळे बाजूला उभे राहिले आणि ती खुर्चीवर बसली. अशा चुकांची नोंद कॉम्प्युटर स्वतःकडे ठेवतो. ती तिनं उघडली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: या प्रोग्रामला आवृत्ती नऊ हवी, बत्तीस बिटची, आणि ती सापडत नाही. आवृत्ती नऊ म्हणजे दोन हजार आठ सालची. तिनं स्वतःच्या हातानं काढलेली.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. या ओळी एकीच्या जागी दुसरी अशा नव्हत्याच. त्या शेजारी शेजारी राहायला बनवलेल्या होत्या. प्रोग्राम ज्या सालच्या सामानावर बांधला, तेच सामान तो नावानिशी मागतो. पंधरा सालानंतरच्यांनी एकमेकींची जागा घेतली, ते खरं. पण आठची जागा बावीसची भरून काढत नाही, आणि चौसष्ट बिटची असून बत्तीसवाल्याला उपयोग नाही. म्हणून तर सात ओळी होत्या. कुठल्या ना कुठल्या जुन्या प्रोग्रामनं आपापली आणून ठेवलेली. कोण कुणाची, हे विचारल्याशिवाय तिनं सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

तिनं आपल्या कॉम्प्युटरवर ती आठ सालची बत्तीस बिटची उतरवली, आणून बसवली. सगळं मिळून दहा मिनिटं. प्रोग्राम उघडला. सुई खाली आली. तोवर गाडी निघून गेली होती, आणि पुण्याहून कारखान्याच्या मालकाला, शेठला, फोन आला होता.

"काय झालं होतं?" आदिनाथ सरांनी विचारलं.

"एक फाईल गेली होती. परत टाकली."

"मोबाईलमुळेच ना?"

तिला खरं सांगायचं होतं, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. वाक्य जिभेवर आलं होतं. पण टेबलावर तिच्या सहीचा कागद पडला होता आणि सरांचे डोळे लाल झाले होते. घरी मोठ्या भावाचं काम सुटलेलं. आणि काका तर काय, जुने आहेत, चार शिव्या खातील आणि सोमवारी विसरतील सगळे. एवढं सगळं एका क्षणात तिच्या मनात येऊन गेलं.

"असू शकतं," ती म्हणाली.

हे दोन शब्द पुरले. शेठला पुण्याला कळवायला नाव हवं होतं, ते मिळालं. काकांकडून माफीनामा लिहून घेतला आणि महिनाअखेरीस कंत्राटदारानं त्यांना यायला नको म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सुई पुसली, मशीनवर कापड घातलं आणि निकिताला म्हणाले, "ताई, तू हुतीस म्हणून मशीन वाचलं. न्हाईतर माज्या हातून लई नुकसान झालं आसतं." तिला रडू आवरेना म्हणून ती तोंड धुवायला निघून गेली. त्यांना वाटलं, पोरीचा जीव लागला होता आपल्यावर.

पुढचे दोन महिने तिनं जेवण गिळलं, खाल्लं नाही. एका गुरुवारी ती पारनेरला जाणाऱ्या एसटीत बसली. वस्तीवर काकांच्या बायकोनं, बनुबाईंनी, ओसरीत बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

"बरं झालं आलीस, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना समजाव जरा. मोबाईल कपाटात टाकून दिलाय. हिरीवरच्या मोटारीचं बटन दाबा म्हनलं तर पोराला हाक मारत्यात. माज्या हातानं बिघडतं म्हनत्यात. टीव्हीला सुदिक हात लावत न्हाईत."

एकोणीस वर्षं केसाच्या जाडीची मापं घेणारे हात. ते गुडघ्यांवर ठेवून काका मागच्या बाजूला शेवग्याखाली बसले होते. तिला बघून खूश झाले. "मशीन कसं हाय?" त्यांनी पहिलं विचारलं.

"चांगलं आहे." मग तिनं सगळं सांगितलं. लाल ओळी, सातही काढल्या ते, बंद करेपर्यंत प्रोग्राम का चालला ते, आठ सालची कोणती गेली आणि कोणती परत टाकली ते. "तुमच्या मोबाईलचा काही संबंध नव्हता, काका. माझ्यामुळं झालं. आणि मला त्याच दिवशी कळलं होतं."

काकांनी गुडघ्यांवरचे हात उचलून बघितले. त्यांना मशीनचं कळत होतं, म्हणून हेही लगेच कळलं.

"म्हंजे मी माफी लिहून दिली ती…"

"हो."

"मला तर खरंच वाटलं गं. सगळी म्हनत हुती म्हनून मलाबी वाटलं, माज्याच हातून झालं आसंल." ते थांबले. "कारखान्यात सांगितलंस का हे?"

"अजून नाही."

"सांगनार हायेस?"

ती येताना एसटीत ठरवून आली होती, सांगायचंच. पण त्यांनी समोरासमोर विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे शेठचं केबिन आलं, भावाचं तोंड आलं, आणि तिच्याच्यानं हो म्हणवेना. नाहीही म्हणवेना. ती नुसती रडत राहिली.

काकांनी तिला रडू दिलं. चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. बनुबाई चहा घेऊन आल्या आणि दोघांकडे बघून दारातच थांबल्या.

"माजी चूक हाय म्हनून गप सोसत हुतो," काका म्हणाले. "आता काय म्हनून सोसू? तिकडं सांगायचं नव्हतं, तर मग मला सांगायला कशाला आलीस, पोरी?"