तक्त्यातली चौदावी ओळ

साधनाबाईंच्या तक्त्याचं तालुक्यात भारी कौतुक होतं, आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडायचंही. जनावरांच्या आजारांच्या जाड पुस्तकातला विषबाधेचा बेचाळीस पानांचा धडा त्यांनी एका पानात बसवला होता. चार रकाने: कारण, लक्षणं, निदान, उपचार. मेडशीच्या अलीकडच्या एका खेड्यात सरकारी जनावरांच्या दवाखान्यावर त्या डॉक्टर म्हणून रुजू झाल्या, आणि पहिल्याच वर्षी तो कागद प्लास्टिकात मढवून भोवतालच्या पशुसेवकांना वाटला. बेचाळीस पानं रानात कोण चाळत बसतं? गाय आडवी पडली की माणसाला एक ओळ लागते. त्यांचं हे म्हणणं चूक नव्हतं.

किशन त्या पशुसेवकांतला सगळ्यात मन लावून काम करणारा. पदविका झालेला, वरच्या तांड्यावरचा. तांड्यावर डॉक्टर म्हणजे तोच. बाईंनी त्याला बजावून ठेवलं होतं, शंका आली तर आधी मला फोन कर, फोन नाही लागला तर कागद पाहा. औषधंही बाईंनीच काढून दिली होती.

त्या दिवशी बाई तालुक्याला लसीकरणाच्या बैठकीत होत्या आणि फोन पर्समध्ये मुका पडला होता. बैठक कसली, नुसती चऱ्हाटं. तीन तासांनी बाहेर येऊन पाहतात तर किशनचे अकरा फोन. लावला तर तो हळू आवाजात म्हणाला की रामसिंगकाकाच्या दोन गाई हिरवी ज्वारी खाऊन पडल्या, एक गेली, दुसरी धापा टाकून राह्यली. बाईंनी स्कूटीला किक मारली. वाटेत दवाखाना उघडून औषधाच्या दोन बाटल्या तेवढ्या घेतल्या.

तांड्यावर गोठ्यापुढं माणसं गोळा झाली होती. मेलेली लाखी गाय एका अंगाला, आणि तिच्याकडं पाठ करून रामसिंगची बायको गोमतीबाई दुसरीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. गाय तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती, पाय थरथरत होते. बाईंनी तिचा ओठ वर केला. हिरड्या मातकट. मानेच्या शिरेत सुई घातली आणि सुईतून रक्त आलं ते काकवीसारखं, काळपट तपकिरी.

बाई किशनकडं वळल्या.

"किशन, तू पहिलीले काय देल्लं?"

किशननं दोन औषधं सांगितली. कागदावर होती तीच, त्याच क्रमानं. ती गेल्यावर दुसरीला सुई लावायला तो धजला नव्हता.

त्या क्षणी साधनाबाईंना तो दिवस लख्ख आठवला. तक्ता टाइप करताना दोन ओळींसाठी दुसऱ्या पानावर जात होता. दुसरं पान कोण उलटतं म्हणून त्यांनी चौदावी आणि पंधरावी ओळ एक केली. दोन्हीचं कारण ज्वारी, दोन्हीची लक्षणं तीच: धाप, थरथर, कोसळणं. वर लिहिलं, 'ज्वारीची विषबाधा'. उपचार लिहिला तो किराळ, म्हणजे कोवळ्या धांड्यातलं सायनाइड, लागलेल्या जनावराचा, कारण आपल्याकडं कोवळ्या ज्वारीची किराळच जास्त. निदानाच्या रकान्यात एकच शब्द उरला होता: 'इतिहास', म्हणजे जनावरानं काय खाल्लं ते विचारा. रक्ताचा रंग गळाला तो तिथं.

किराळीत रक्त भडक लाल असतं. प्राणवायू रक्तात असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. त्यावरचं पहिलं औषध मुद्दाम थोडं रक्त बिघडवतं, म्हणजे ते विष ओढून घेतं. पण इथं किराळ नव्हतीच. पावसानं पंधरा दिवस ओढ दिली होती, मग दोन दिवस रिमझिम आणि ढगाळ, आणि रामसिंगनं त्या चाऱ्याच्या पट्ट्यात युरिया सढळ हातानं टाकला होता. खताचं विष ज्वारीच्या धांड्यात साठलं होतं. त्यात रक्त आधीच बिघडून तपकिरी झालेलं असतं. अशा जनावराला किराळीचं औषध देणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर हात ठेवून दाबणं.

विचार करत बसायला वेळ नव्हता. बाईंनी बिघडलेलं रक्त ताळ्यावर आणणाऱ्या निळ्या औषधाची बाटली काढली आणि शिरेतून हळूहळू सोडायला घेतली. किशन न सांगता बाटली धरून उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग गाईचा श्वास जरा लांब झाला. अर्ध्या तासानं तिनं मान उचलली, आणि दोघातिघांनी शेपटीकडून आधार दिला तशी उभी राहिली. गोमतीबाईनं बाईंच्या पायाला हात लावला. बाई मागं सरकल्या. मूत निळंहिरवं होईल, घाबरू नका, आणि मी सांगेपर्यंत हिचं दूध पिऊ नका, इकू नका, एवढं त्या कसंबसं म्हणाल्या.

आता माणसांना बोलायला सवड झाली. रामसिंगनं सगळ्यांदेखत किशनला धुतलं. सुई घातली अन् दहा मिनिटांत गाय गेली, तुले हात लावाले कोनं सांगतलं होतं, पोट्टं शिकलं पन अक्कल काही आली नाही. कुणीतरी म्हणालं, आता याले गोठ्यात घेऊ नका. किशन खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून प्लास्टिकचा कोपरा दिसत होता. तो कागद काढून दाखवला असता तर तिथंच सुटला असता. त्यानं तो बोटानं आत ढकलला.

साधनाबाईंनी ते पाहिलं. गप्प राहणं सोपं होतं. लाखी तशीही मेली असती, हेही खोटं म्हणता आलं नसतं. दुसरीला उठवून दिलं होतं, लोक पाया पडत होते, निघावं आणि रात्री तक्ता दुरुस्त करावा. तांड्याला काय कळणार चौदावी आणि पंधरावी? पण उद्यापासून या पोराला तांड्यातलं कुत्रंही बोलावणार नव्हतं.

"रामसिंगकाका, त्याले बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्यानं माह्या कागदावर होतं तेच केलं. कागदच चुकीचा होता. दोन आजार मी एकाच ओळीत लिहिले. लाखी कदाचित वाचलीही नसती. पन ते औषध तिले जायले नको होतं, अन् ते मी लिहून देल्लं होतं."

किशननं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

गोमतीबाई उठली. इतका वेळ ज्या गाईकडं तिनं पाठ केली होती तिच्याजवळ गेली, लाखीच्या गळ्यातलं दावं सोडलं, आणि ते हातात गुंडाळलं. बाई उभ्याच होत्या. शिव्या आल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"सकाळी या," गोमतीबाई म्हणाली. "वाचली तिचं रगत पुन्हा पाहून जा. किशनलेही आना संगं." मग बाईंच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "कागद नका आनू."