बारावा बिन

कंपनीच्याच भल्यासाठी कंपनीकडे पैसे मागायचे, तरी मागणाऱ्याचा चेहरा चोरासारखा का होतो, देव जाणे. श्रीरंग खांबेटे दिल्लीजवळच्या मानेसरच्या एका कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख होता. तिथे गाड्यांच्या स्टिअरिंगचे लोखंडी आर्म बनत. हाताखाली चाळीस माणसं, केबिनला काच, दारावर नावाची पाटी, सगळं होतं. पण मॅनेजमेंटला मेमो लिहायचा म्हटलं की गडी दोन दिवस आधीपासून जेवत नसे.

या खेपेचा मेमो सॉफ्टवेअरसाठी होता. सध्या काय चाले ते ऐका. भट्टीतून माल लोखंडी बिनांमध्ये, म्हणजे मोठ्या पेट्यांमध्ये निघे, प्रत्येक बिनाला पुठ्ठ्याचा टॅग, टॅगवर पेनाने बॅचचा नंबर. मशीनिंगनंतर माल धुतला जाई आणि टॅगही त्याच्याबरोबर धुतला जाई. मग तिथला माणूस शेजारच्या बिनावरचा नंबर बघून नवा टॅग लिही आणि पुढे ढकले. संध्याकाळी डेटा एंट्रीच्या तीन मुली ते सगळं एक्सेलमध्ये चढवत. नवीन सॉफ्टवेअरमध्ये बिनावर पक्का बारकोड असणार होता. भट्टीपासून ट्रकपर्यंत दर टप्प्यावर स्कॅन, आणि स्कॅन झाल्याशिवाय माल पुढे सरकणार नाही. शहाण्या माणसाला आणखी काय सांगायचं?

पण मॅनेजमेंट शहाणपणावर पैसे देत नाही, परताव्यावर देते. साठ लाखांचा खर्च, वर्षाला आठ लाख देखभाल. माल पुन्हा निवडणं, दुरुस्ती, ऑडिटची धावपळ हे टळून वर्षाला एकतीस लाख वाचणार. देखभाल वजा जाता तेवीस राहिले. म्हणजे पैसे फिटायला एकतीस महिने. आणि फायनान्सचे सिंघल दोन वर्षांच्या वरचा कागद उघडूनही बघत नसत.

"खांबेटेजी, रिकॉल टल जाएगा, यह मत लिखिए," सिंघल म्हणाले. "जो हुआ नहीं, उसकी बचत मैं कैसे गिनूँ? कुछ हुआ हो तो बताइए, फिर गिनते हैं."

झालेलं काही दाखवायचं म्हणून श्रीरंगने एक साधी चाचणी घेतली. पाठवणीच्या शेडमधून तीन आर्म उचलले आणि माणसांना सांगितलं, हे कुठल्या बॅचचे ते मागे मागे जाऊन शोधा, किती वेळ लागतो ते मला मेमोत लिहायचंय. दोनांचा माग दिवसभरात लागला. तिसऱ्याचा लागेना. ज्या टॅगवरून तो आला होता, त्या नंबरचे दोन बिन निघाले. एकाच नंबरचे दोन! श्रीरंगने स्वतः जुने कागद काढले आणि शोधता शोधता तो फेब्रुवारीच्या एका बॅचपाशी येऊन थांबला.

ती बॅच भट्टीतून हवी त्यापेक्षा कडक निघाली होती. टेम्परिंग, म्हणजे कडकपणा उतरवायला पुन्हा तापवणं, कमी पडलं होतं. असा आर्म दिसायला झकास असतो, मापात असतो, पण खड्ड्यात दणका बसला तर वाकण्याऐवजी तुटतो. म्हणून बारा बिनांना लाल टॅग लावून ते बाजूला ठेवले होते आणि पुन्हा टेम्परिंगला पाठवले होते. पाठवल्याची नोंद बारा बिनांची होती. परत भट्टीत गेल्याची नोंद अकराची.

बारावा बिन कुठे गेला? कदाचित भट्टीत गेलाच असेल आणि लिहायचं राहिलं असेल. कदाचित शेजारच्या बिनाचा नंबर लावून धुवून पुसून गाडीत जाऊन बसला असेल. शेवटच्या तपासणीत फक्त मापं बघतात, हार्डनेस नाही. एका बिनात दोनशे आर्म. कोणालाच काही सांगता येईना. आणि कोणाला सांगता येत नाही, हीच तर त्याच्या मेमोची सगळी कहाणी होती!

त्याने शेडमध्ये उरलेल्या मालाची हार्डनेस गुपचूप तपासून घेतली. सगळा माल चांगला निघाला. एरवी माणसाने पेढे वाटले असते. श्रीरंगला ते जमेना, कारण बिन इथे नाही याचा अर्थ तो बाहेर गेला असू शकतो.

त्याने मेमोच्या धोक्यांच्या भागात चार ओळी घातल्या. बॅचचा नंबर, बारा आणि अकरा, संशयित माल ग्राहकाकडे गेल्याची शक्यता. आणि तो ढींगरांकडे गेला. ढींगरा प्लान्टचे प्रमुख. माणूस दिलदार, खाऊ-पिऊ घालणारा, पण खुर्चीला जपणारा.

ढींगरांनी शेवटपर्यंत वाचलं. मग उठून केबिनचं दार लावलं.

"यह किसको भेजा है?"

"अभी सिर्फ़ आपको, सर."

"शुक्र है." ते खाली बसले. "देखो श्रीरंग, धोक्यांमध्ये लोक काय लिहितात? ट्रेनिंगला वेळ लागेल, सर्व्हर बंद पडेल. असे धोके लिहितात यार!" ढींगरांना दहा वर्षं मराठी माणसाबरोबर काढल्याने थोडं मराठी येई आणि रागात ते हमखास बाहेर पडे. "यह तो कन्फेशन है. ग्राहकाला कळलं तर ते गाड्या परत बोलावतील आणि बिल आपल्याला. पहला सवाल होगा, क्वालिटी हेड कौन था?"

हा प्रश्न श्रीरंगनेच स्वतःला सकाळपासून शंभर वेळा विचारला होता.

"वो तीन लड़कियाँ हैं न, डेटा एंट्रीवाली? सॉफ्टवेअर आलं की त्यांची गरज नाही. वर्षाला आठ लाख. जोडा." ढींगरांनी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला. "किती महिने?"

"तेवीस," श्रीरंग म्हणाला.

"बस! चार ओळी काढा, तीन मुली घाला. मार्च संपायच्या आत मंजूर करून देतो."

घरी, दिल्लीत आर. के. पुरमला, बायको वृंदा भाजी निवडत होती. ती केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सरकारी क्वार्टर तिच्या नावावर. श्रीरंगने सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की तिने दोनदा "काय?" विचारलं.

"म्हणजे नक्की काही माहीत नाही तुला," ती म्हणाली.

"नाही ना! तेच तर. नक्की असतं तर मी कधीच बोललो असतो."

"बोलला असतास?"

तो चिडला. "तुला काय जातं विचारायला? तुमच्याकडे फाइल बारा टेबलांवर फिरते, सही कोणाची ते शेवटपर्यंत कळत नाही. इथे माझं एकट्याचं नाव आहे. एक्कावन्नाव्या वर्षी बदनाम होऊन बाहेर पडलो तर मला मानेसरात कोण उभं करेल? गुडगावात? कोणी नाही!"

"मी फक्त विचारलं, रे." तिने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. "भीती वाटतेय तुला. वाटू दे. मलाही वाटतेय. पण ती नोकरीची आहे की त्या बिनाची, ते एकदा ठरव."

दोन्हींची होती. तेच तर दुखणं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने चार ओळी काढल्या आणि तीन मुली घातल्या. धोक्यांत ट्रेनिंग आणि सर्व्हर लिहिलं. सिंघलांनी तेवीसवर पेनाने गोल केला, ढींगरांनी पाठ थोपटली, आठवड्यात मंजुरी आली. क्वालिटीला इतके पैसे आजवर कोणी दिले नव्हते. लोकांनी समोसे मागवले. श्रीरंगने आपला शिपायाला देऊन टाकला.

तेव्हापासून कंपनीच्या बसमधून येता-जाता त्याला रस्त्यावर माणसं दिसेनाशी झाली, नुसत्या गाड्या दिसत. धौला कुआंच्या वळणावर समोरची गाडी जरा हलली की हा सीटचा दांडा धरी. पेपरात अपघाताची बातमी आली की आधी गाडी कुठली ते बघे आणि दुसऱ्या कंपनीची निघाली की त्याला बरं वाटे. माणसं मेल्याची बातमी वाचून बरं वाटतंय, या विचाराने मग तो पेपर बाजूला सारी. पण वाटायचं ते वाटतच असे.

मार्च संपता संपता सॉफ्टवेअरवाले नोएडाहून आले. त्यांची प्रमुख अलकनंदा रावत, गढवालची, कामात चोख, फालतू बोलणं नाही. मीटिंगला ढींगरा, सिंघल, श्रीरंग. सगळं सुरळीत चाललं होतं. तिने लॅपटॉपवरून मान वर केली.

"सर, पुराना डेटा कहाँ से लेना है? जो माल पहले जा चुका है, उसकी एक्सेल शीट भी चढ़ा दें? हमारा सिस्टम खुद बता देगा कि कहाँ-कहाँ नंबर दोहराए गए हैं और किस बैच का हिसाब अधूरा है."

श्रीरंगने ढींगरांकडे पाहिलं. ढींगरांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"नहीं नहीं," ते सहज म्हणाले. "एक अप्रैल से. साफ़ शुरुआत."

"ठीक है सर. तो उससे पहले का सिस्टम में कुछ नहीं रहेगा. क्वालिटी की मंजूरी चाहिए." तिने कागद श्रीरंगपुढे सरकवला. "यहाँ साइन कर दीजिए."

बाकी काही नाही, एक सही. साध्या, नेहमीच्या कामाची सही. आता बिन नुसता हरवलेला राहणार नव्हता, तो कधी नव्हताच असं होणार होतं. ज्या सॉफ्टवेअरसाठी त्याने तोंड बंद ठेवलं, तेच आता त्याचं तोंड कायमचं शिवत होतं. आणि खाली नाव त्याचंच! मुकाट्याने सही केली तर कोणी विचारणार नव्हतं. पण तुटला एखादा आर्म, तर श्रीरंग खांबेटेला माहीत होतं आणि त्याने पुसून टाकलं, हे मात्र उरणार होतं.

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"सर, मी एक फोन करून येतो," तो मराठीतच म्हणाला.

"श्रीरंग," ढींगरा म्हणाले. "बैठ जाओ."

तो बसला. खरंच बसला, दहा वर्षांची सवय. मग त्याने पेन टेबलावर ठेवलं, तिथेच, सगळ्यांसमोर मोबाइल काढला आणि ग्राहक कंपनीच्या क्वालिटीतल्या विश्वनाथचा नंबर लावला. ढींगरा अर्धे उठले. सिंघल तोंड उघडून बघत राहिले. अलकनंदाने लॅपटॉप हळूच मिटला.

"विश्वनाथजी, खांबेटे बोल रहा हूँ. फ़रवरी का एक बैच है. दो सौ स्टिअरिंग आर्म. शायद अधूरी टेम्परिंग के साथ आपके पास चले गए हैं. जिन गाड़ियों में लगे हैं, उन्हें रुकवाइए."

पलीकडून विश्वनाथने विचारलं, "यह आपको कब पता चला?"

या प्रश्नाचीच श्रीरंगला सगळ्यांत जास्त भीती होती.

"तीन हफ़्ते पहले," तो म्हणाला.

"तीन हफ़्ते?" विश्वनाथचा आवाज चिरकला. "खांबेटेजी, उस महीने की गाड़ियाँ तो सारी बिक गईं."