मंगळवारची पिशवी

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीला त्या काळात कागदी पिशव्या लटकलेल्या असायच्या. फरसाणवाल्याकडून येणाऱ्या, खाकी रंगाच्या. त्यात आम्हा तिघांचे वापरलेले मास्क आणि हातमोजे. तोंड दुमडून चिमटा लावलेला आणि वर पिशवी उघडायचा वार. हा सगळा कारभार दत्ताजीरावांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. पिशवी बंद झाली की पुरे तीन दिवस तिला कुणी हात लावायचा नाही. मग उघडायची, मास्कचे बंद कापायचे, मास्क मधोमध कापायचा, मोज्यांची बोटं कापायची आणि तुकडे सुक्या कचऱ्यात द्यायचे.

"अहो, माझा लग्नाचा शालूसुद्धा तुम्ही एवढा जपला नाहीत," मी म्हणायचे.

"शालू कुणी कचऱ्यातून उचलून, धुऊन विकत नाही, विजू," ते म्हणायचे.

त्यांनी बाजारात सुटे मास्क ढिगाने विकायला ठेवलेले पाहिले होते. नाकावरची पट्टी आधीच कुणाच्या तरी नाकावर वाकलेली. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. तेव्हापासून कात्री त्यांच्या हातात आली ती आलीच. अलकापुरीत ते ज्या विमा सल्लागाराच्या ऑफिसात होते, तिथेही त्यांनी दाराशी झाकणाची वेगळी बादली ठेवली, फक्त मास्क-मोज्यांसाठी. आत कागदी पिशवी, तेच तीन दिवस, तीच कात्री. तिथली पोरं त्यांना 'मास्क-मामलतदार' म्हणत. यांना राग यायचा नाही, उलट घरी येऊन मलाच हसत सांगायचे. मला मात्र त्या पोरांचा राग यायचा.

एका शुक्रवारी संध्याकाळी ते ऑफिसातून आले, आठवड्याचे मास्क-मोजे पिशवीत घातले, चिमटा लावला आणि वर लिहिलं, 'मंगळवार'. रात्री अंग तापलं. शनिवारी तपासणीत कोरोना निघाला आणि दुपारपर्यंत बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा असा घसरला की वरदने, आमच्या मुलाने, ॲम्ब्युलन्स बोलावली. जिना उतरताना ते मागे वळून म्हणाले, "विजू, आता माझं सगळं पिवळ्या पिशवीत." आजाऱ्याच्या घरचा कचरा न्यायला महापालिकेची वेगळी गाडी येते, तिची ती पिशवी. माणूस धाप लागलेला, आणि बोलला काय तर हे! मी चिडून म्हटलं, "अहो, तुम्ही आधी नीट जा." हे आमचं शेवटचं बोलणं.

सोमवारी पहाटे ते गेले.

मला स्मशानात जाऊ दिलं नाही. माझा आणि वरदचा रिपोर्ट यायचा होता. वरदला तेवढं लांबून उभं राहू दिलं. मी विचारलं, "चेहरा बघितलास?" तो म्हणाला, "नाही आई. पिशवीची चेन बंद होती." बास. बत्तीस वर्षांच्या संसाराचा शेवट हा असा, बंद चेनचा.

घरी आल्यावर वरदने अंघोळ केली आणि मग त्याच्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक, त्याने घर झाडायला काढलं. बाबांची चादर, टॉवेल, टूथब्रश, सगळं पिवळ्या पिशवीत. ती भरली तसा तो गॅलरीत आला, दोरीवरची मंगळवारची पिशवी ओढली आणि खाली जाऊन पायरीवरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकून आला. मी आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं म्हणून उठले, तर दोरी रिकामी.

मी गॅलरीत धावले. खाली कोमलबेन, आमच्या सोसायटीत गाडीबरोबर येणारी बाई, बादलीत हात घालत होती.

"कोमलबेन! ए थेली मूकी दो! हाथ ना लगाडता!" पिशवी खाली ठेव म्हणून मी तिच्या गुजरातीत ओरडले.

ती दचकली. "केम काकी, शुं थयुं?"

"एना त्रण दिवस नथी थया हजी." पिशवीचे तीन दिवस भरायचे होते.

"तो काकाने पूछी लो ने. काकाए ज मूकी हशे."

काकांनीच ठेवली असेल, म्हणे, त्यांनाच विचारा. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय कळायचं ते कळलं असावं. तिने पिशवी हळूच पायरीवर ठेवली, हातांवर सॅनिटायझर घेतलं आणि खाली मान घालून गाडीमागे निघून गेली.

वरद मागे उभा होता. "आई, मास्क आहेत ते. बाबा नाहीत त्यात."

"मला ठाऊक आहे काय आहे त्यात! तिला काही झालं असतं तर तुझ्या बाबांनी तोंड बघितलं असतं का तुझं?"

बोलून गेले आणि मग दोघंही रडलो. खरं सांगायचं तर कोमलबेनची काळजी होती, अगदी खरी होती. पण त्याहून मोठं असं होतं की त्यांच्या हातचं एकच काम अर्धवट राहिलं होतं आणि मला ते संपायला नको होतं. पिशवी परत दोरीला लागली. रात्रभर मला वाटत राहिलं, मंगळवार उजाडूच नये.

तो उजाडला. मी मास्क लावला, नवे मोजे चढवले आणि गॅलरीत पाटावर बसून चिमटा काढला. माझे आणि वरदचे मास्क झरझर कापले. त्यांचे मोजे कापले. मग त्यांचा एक मास्क हाती आला, तो उलटला आणि माझा हात थांबला.

आतल्या पांढऱ्या बाजूवर काळसर डाग होता. वर नाकाशी जरा तुटलेला, दोन्ही बाजूंना खाली उतरलेला. मिशीचा. गुरुवारी रात्री बाथरूमचं दार लावून हे मिशीला रंग लावत आणि मला विचारायची सोय नव्हती. "उन्हाने काळी पडते" असं सांगत. मी इतकी वर्षं ते खरं धरल्याचं नाटक केलं होतं. त्या डागाखाली ओठांची जागा कोरी होती. जो चेहरा मला कुणी दाखवला नाही, तो हा माझ्या हातात होता.

"वरद," मी हाक मारली. तो आला, वाकून बघितलं आणि माझ्या पाटाशेजारी बसला.

"ठेव आई," तो म्हणाला. "तीन दिवस झालेत ना. आता काही होत नाही. कपाटात ठेव."

खरंच होतं त्याचं. मी मनात जागासुद्धा ठरवली, माझ्या साड्यांच्या खाली. आणि लगेच पुढचंही दिसलं. उद्या मीही जाईन. कपाट आवरताना कुणीतरी नाक मुरडून तो मास्क तसाच, अख्खा, कचऱ्यात फेकेल. मग कुणीतरी उचलेल, धुवेल. ज्या माणसाने परक्यांच्या मास्कपायी जेवण सोडलं, त्याचाच मास्क दुसऱ्या कुणाच्या तोंडावर जाईल.

"धर जरा," मी वरदला म्हटलं. त्याने मोजे घातले आणि दोन्ही टोकं धरली.

त्यांच्या अंगावर पाणी घालायला मला मिळालं नाही. तोंडात तुळशीचं पान ठेवायला मिळालं नाही. एवढंच मिळालं. मी आधी कानाचे बंद कापले. मग "अहो, येते हं," असं म्हणाले, जणू मीच कुठे निघाले होते, आणि कात्री मिशीच्या मधोमध चालवली.