उंबऱ्यावरचे साहेब

आमच्या वॉर्डात साहेब येतात ते उंबऱ्यापर्यंतच. साहेब म्हणजे या जिल्हा रुग्णालयाचा कारभार बघणारे. औषधांपासून झाडूपर्यंत सगळं त्यांच्या सहीनं येतं. तोंडावर दोन पट्ट्यांचा फुगीर एन-९५ मास्क घट्ट बसवलेला, हात पाठीमागे. तिथूनच विचारतात, "काय आजी, बरं आहे ना?" माझ्या व्याह्यांनी असं दारातून विचारलं असतं तर मी सोयरीक मोडली असती.

आणि आत आमची सिस्टर. क्षयाच्या बायकांची थुंकी तपासायला घेते, खोकल्याच्या अगदी तोंडाशी उभी राहते, आणि तिच्या कानांना अडकवलेला पातळ निळा मास्क बोलली की कडेनं फडफडतो. तिच्या आधीच्या सिस्टरला याच वॉर्डात क्षय लागला. ती घरी बसून गोळ्या खाते आहे.

मी दुसरी शिकलेली. पण डॉक्टरबाई मला सगळं नीट सांगतात. अर्धवट सांगितलं तर मी पिच्छा सोडत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. म्हणाल्या, "पातळ मास्क तुमच्यासाठी, आजी. तुमच्या खोकल्याचे थेंब अडवतो. पण हवेत तरंगणारं बारीक असतं ना, ते त्याच्या कडेनं आत शिरतं. सिस्टरला चेहऱ्याला चिकटून बसणारा हवा."

तेच त्यांनी साहेबांना पत्रात लिहिलं होतं, आधीची सिस्टर आजारी पडल्याच्या वाक्यासकट. वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या चेहऱ्याच्या मापाचा एन-९५. आणि अशा खोल्या, जिथली हवा पंखा ओढून छतावर बाहेर फेकेल. म्हणजे दाराखालून हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. आमच्याकडे उलटं. बाईंनी बंद दाराच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरून दाखवली. ती बाहेर झुकली, नातेवाईक बसतात त्या बाकाकडे.

साहेबांनी खिडक्या पट्ट्या लावून बंद केल्या होत्या आणि एसी बसवला होता. फोटोही काढले. मलाही गारवा आवडला, खोटं कशाला बोलू. पण तो तीच ती खोकल्याची हवा गार करून पुन्हा आमच्याच अंगावर सोडत होता.

पत्राला उत्तर आलं. बाईंनी वाचून दाखवलं, "वॉर्ड वातानुकूलित असून रुग्ण समाधानी आहेत. सबब मागणीची निकड दिसून येत नाही."

"रुग्ण म्हणजे कोण?"

"तुम्हीच, आजी."

"मला कुणी विचारलं?"

त्याच दुपारी एका मुलीला आणलं. तिचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. माझा साध्या गोळ्यांनी बरा होत होता, मी फक्त वाढलेल्या साखरेपायी इथे अडकले होते. रिकामी खाट एकच, माझ्या शेजारची. तिचा क्षय मला लागला असता तर माझ्या गोळ्या कुचकामी. बाईंचा चेहरा उतरला. मुलगी काय समजायचं ते समजली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"इकडे बघ गं," मी म्हटलं. "तुझ्यावर राग नाही. तुला खोली नाही, त्याचा राग आहे."

उठले आणि खिडकीची पट्टी नखांनी सोलायला लागले. बाईंनी मला थांबवलं नाही. म्हणाल्या, "एसी बंद करा. सगळ्या उघडा." मुलीची खाट त्यांनी पार टोकाला हलवली, जिथून वारा बाहेर मोकळ्या मैदानाकडे जातो. तिला मास्क लावला. "आज माझ्या हातात एवढंच. पण यानं खोलीची उणीव भरून निघत नाही."

बातमी लगेच पोचली. साहेब आले. उंबऱ्यावर थांबले.

"डॉक्टर, हा काय प्रकार आहे? सरकारी खिडक्या आहेत."

"हवाही सरकारीच होती," मी म्हटलं. "बरेच दिवस कोंडून ठेवली होती."

सिस्टर खोकल्याचं निमित्त करून हसली.

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर, ते पत्र मागे घ्या. विशेषतः स्टाफ आजारी पडल्याचं वाक्य. थोडे मास्क मी बघतो कुठून तरी. नाहीतर तुमच्या बदलीचं मला बघावं लागेल."

बाईंचा आवाज बारीक झाला, पण ढळला नाही. "वाक्य खरं आहे, सर. मी मागे घेणार नाही. प्रत आरोग्य संचालकांकडे पाठवते आहे."

"रुग्णांची तक्रार नाही आणि तुम्ही…" साहेब माझ्याकडे वळले. "काय आजी, समाधानी आहात ना? सांगा की यांना."

मी खाटेजवळचं स्टूल पुढे सरकवलं.

"आत या, साहेब. मास्क काढून बसा इथे. हवा चांगली आहे म्हणता ना?"

त्यांचा हात मास्ककडे गेला. काढायला नाही, नाकावरची पट्टी आणखी दाबायला. सगळ्या बायकांनी बघितलं.

"राहू द्या, काढू नका," मी म्हटलं. "तुम्ही शहाणे आहात, जिवाला जपता. पण पत्रात जे लिहिलंय ते तुम्हाला आमच्याआधी पटलंय, साहेब, तोंडावर बांधून फिरताय. आता सिस्टरच्या तोंडावर तसाच मास्क येईपर्यंत आणि त्या पोरीला खोली मिळेपर्यंत मला बरं आहे का म्हणून विचारायचं नाही."