कोल्ह्याची हाक

शहरातल्या प्रशिक्षणात सगळं सोपं असतं. फळ्यावर गोष्ट लिहायची, बाण काढायचे, पात्रं वाटायची, आणि चहा आला की उठायचं. तेजस्विनीबाई शहरातल्या गंगापूर रोडवरच्या माहेरातून पेठच्या डोंगरातल्या दोन खोल्यांच्या शाळेत आल्या, तेव्हा बाणांचा तो कागद त्यांच्या पिशवीत होता. तिसरीच्या पोरांनी कागदाचे बारा वाजवले, आणि बरंच झालं म्हणायचं.

गोष्ट टिटवीची होती. टिटवी पाण्याला जाते. जाताना पिलांना बजावते, मी हाक मारीपर्यंत जमिनीला चिकटून पडा, हलू नका. मग कोल्हा येतो आणि तिच्या आवाजात हाक मारतो. पिलं फसत नाहीत. शेवटी टिटवी खरंच येते आणि पिलं उठतात. पाठ्यपुस्तकात नव्हती ही गोष्ट, बाईंनीच पोरांना खेळायला रचली होती. एवढ्याशा गोष्टीत अडचण एकच होती: कोल्ह्याची हाक खोटी आहे, हे पिलांना कळतं कसं?

बाईंनी आधी टिटवीसाठी पुस्तकी वाक्य लिहिलं होतं, ‘बाळांनो, आता बाहेर या.’ वर्ग फिदीफिदी हसला.

“अशी आय नाय बोलत, बाई,” सरिता म्हणाली. सावळी, काटक पोर, एरवी तोंडातून शब्द काढायला दमडी मागणारी. “माही आय म्हणती, ऊठ गं भवाने, उन्हं डोक्यावर आली.”

“माझी पण अशीच म्हणती,” पल्लवी म्हणाली.

मग पोरांनीच ठरवलं. आई शिव्या देते, कोल्हा गोड बोलतो. ‘माझ्या सोन्यांनो’ असं नवं वाक्य कोल्ह्याच्या तोंडी गेलं आणि सरिताच्या आईचं वाक्य टिटवीच्या. बाईंनी प्रत्येक पात्राला चिठ्ठी दिली. वर समोरच्याचं शेवटचं वाक्य, खाली आपलं. ते वरचं वाक्य ऐकू आलं की आपण बोलायचं. अख्खी गोष्ट कुणाच्याच चिठ्ठीत नव्हती, त्यामुळे एकमेकांचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरिता धाकटं पिलू झाली, पल्लवी टिटवी, दिनेश कोल्हा.

पाहणाऱ्यांनाही काम होतं, नाहीतर ती एकमेकांना चिमटे काढत बसली असती. पहिल्या रांगेनं खोटी हाक आली की हात वर करायचा आणि कोणत्या शब्दावरून ओळखली ते सांगायचं. दुसऱ्या रांगेनं शेवटी पात्राला प्रश्न विचारायचा. उत्तर त्या पात्रानं पात्र म्हणूनच द्यायचं, गोष्टीत नसेल तर मनातून द्यायचं.

हे सगळं केंद्रप्रमुख रंगनाथ सरांना दाखवायचं होतं. त्यांची तारीख ठरलेली होती आणि सरांची तारीख बदलत नाही, हे सगळ्या केंद्राला ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी शाळेच्या कुंपणाशी सरिताची आजी नवसाबाई उभी होती. भात काढून झालं की गावातली निम्मी माणसं द्राक्षांच्या बागांना कामाला जातात. सरिताचे आईबापही गेले होते. ओझरजवळ मजुरांची ट्रॉली उलटली, असा निरोप रात्री किराणा दुकानातल्या फोनवर आला होता. बाप बारकू वाचला. आई गेली. सिव्हिल इस्पितळातून तिला घेऊन जीप संध्याकाळपर्यंत येणार होती.

“पोरीला नका सांगू,” नवसाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाण्याला वेळच मिळाला नव्हता. “तिचा बाप येऊ द्या. तवर तिला हितंच ठेवा, खेळात ठेवा. घरात बाया रडाया लागल्या की कळंल तिला.”

बाईंनी शब्द दिला. मग वर्गात येऊन त्या चिठ्ठ्या हातात घेऊन उभ्या राहिल्या. सरिताची चिठ्ठी दुसऱ्या कुणाला द्यावी, की गोष्टच बदलावी? पण बदललं तर पोरगी विचारणार, का? आणि बाहेर सरांची मोटारसायकल वाजलीच होती. माणूस भित्रा असला की त्याला कारणांचा तोटा नसतो. त्यांनी सरिताच्या डोक्यावरून हात फिरवला, डब्यातला लाडू तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “बाळ, छान कर हं.”

सरितानं लाडवाकडे पाहिलं, मग बाईंकडे. खाल्ला मात्र नाही.

खेळ सुरू झाला. सर खुर्चीत, मांडीवर तपासणीचा कागद. टिटवी पाण्याला गेली. पिलं घोंगडीखाली निपचित पडली. दिनेश दबकत आला आणि गोड आवाजात म्हणाला, “माझ्या सोन्यांनो, या बरं बाहेर.” पहिल्या रांगेचे हात वर गेले. “सोन्या म्हणाला! आय सोन्या नाय म्हणत!” सर खूश झाले. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग पल्लवी परतली, पंख पसरून, मग कमरेवर हात ठेवून. “उठा गं भवान्यांनो, उन्हं डोक्यावर आली!”

एक पिलू उठलं. दुसरं उठलं. घोंगडीखाली एक उंचवटा तसाच राहिला.

पल्लवीनं पुन्हा हाक मारली. उंचवटा हलला नाही. पोरं खिदळली. “विसरली वाटतं,” सर हसत म्हणाले. “हरकत नाही. चला, दुसऱ्या रांगेचा प्रश्न होऊ द्या. त्या पिलालाच विचारा.”

बाई पुढे झाल्या, पण मनोज आधीच उभा राहिला होता. प्रश्न विचारायची ही वेळ तो आठवडाभर जपून होता.

“ए पिलू, आय आली तरी तू का नाय उठत?”

घोंगडीखालून आवाज आला. पिलाचा की सरिताचा, ते कुणाला सांगता आलं नसतं.

“आजी मला रोज भवाने म्हणती. आज सोने म्हणाली. चूल पेटवली नाय आन म्हणती, भूक नाय मला. बाई रोज वरडत्यात. आज बाळ म्हणाल्या, लाडू दिला.” मग थोडं थांबून, “सगळी कोल्ह्यावानी बोलत्यात. माही आय आता हाक नाय मारायची.”

सर म्हणाले, “वा, अगदी पात्रात शिरली आहे,” आणि बाईंचा चेहरा पाहून त्यांचं पेन कागदावरच थांबलं.

तेजस्विनीबाई घोंगडीपाशी खाली बसल्या. त्यांना रडू येत होतं, रागही येत होता, स्वतःचा सगळ्यात जास्त. खोटी हाक ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं आणि पोरगी नीट शिकली होती. नवसाबाईला दिलेला शब्द आता पाळायचा तर आणखी एक गोड वाक्य बोलावं लागणार होतं. ‘बाळ’ हा शब्द जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला.

“सरिता,” त्या हजेरी घ्यायच्या आवाजात म्हणाल्या, “तुझी आई गेली. काल, ओझरजवळ. ट्रॉली उलटली. तुझा बाप वाचलाय, तो तिला घेऊन येतोय.”

तेव्हा सरिता उठली. केसांना घोंगडीची लोकर चिकटली होती. ती रडली नाही. तिनं घोंगडीची टोकं जुळवून घडी घातली, कोपऱ्यात जाऊन जागेवर ठेवली, कारण खेळ संपला की सामान जागेवर ठेवायचं, हा बाईंचा नियम होता. मग चिठ्ठी बाईंच्या हातात दिली.

“बाई,” ती म्हणाली, “घरी जाऊ?”