पुसता येणारी भिंत

माझ्या जाऊबाईंच्या भिंतीचा मला हेवा वाटायचा. माणसाने साडीचा हेवा करावा, फार तर फ्रीजचा करावा. मी भिंतीचा करत होते, आणि तेसुद्धा मनापासून.

त्याचं असं झालं. आमचं घर बांधायला काढलं तेव्हा थोरली सहा वर्षांची होती. दिवसभर गरगर फिरते म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. धाकटा तेव्हा दीडेक वर्षाचा, सतत माझ्या कडेवर. नवरा नोकरीवर, त्यामुळे बांधकामावर लक्ष ठेवणं आणि भिंतींवर पाणी मारणं माझ्याकडे आलं. विटांना पाणी, स्लॅबला पाणी, प्लॅस्टरला पाणी. एका हातात पोरगा आणि दुसऱ्या हातात पाइप, असं वर्ष गेलं. भिंगरी शाळा सुटली की दोन गल्ल्या पलीकडे मोठ्या जाऊबाईंकडे जायची आणि अंधार पडता पडता मी तिला आणायला जायचे.

ती त्यांना ‘मोठी आई’ म्हणते. थोरल्या काकूला असं म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण तिच्या तोंडून तो शब्द आला की मला टोचायचा. मोठी ती, मग मी कोण? छोटी?

एकदा मी न्यायला गेले तेव्हा भिंगरीने त्यांच्या दाराजवळच्या भिंतीवर तेलखडूने ही लांबलचक लाल रेघ ओढलेली. मी हात उगारला. जाऊबाई शांतपणे आत गेल्या, साबणाच्या पाण्यात बुडवलेला स्पंज आणला आणि दोनदा हलकेच फिरवला. रेघ गायब! भिंत पहिल्यासारखी, मऊ चकाकणारी.

“इमल्शन रंग आहे गं,” त्या म्हणाल्या. “काढू दे तिला. आतली खोली तर मी तिच्याच हवाली केलीये.”

“चल घरी,” मी भिंगरीला म्हणाले. भाड्याच्या घरात आम्ही भिंतीला पाठ टेकली तरी पाठीवर पांढरी भुकटी यायची.

“थांब ना आई, मोठी आई अजून नवा खडू देणारे.”

त्या दिवसापासून मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणं सोडलं. बाहेरूनच हाक मारायची, पोरीचं दप्तर घ्यायचं, निघायचं. ‘ये ना गं, बस घटकाभर,’ असं जाऊबाई म्हणायच्या. ‘नको, पाणी मारायचं राहिलंय,’ असं मी म्हणायचे. पाणी बहुतेक वेळा मारून झालेलं असायचं.

मी मनाशी एकच ठरवलं होतं. नव्या घरात भिंगरीच्या खोलीला इमल्शनच लावायचं, त्यांच्याहून भारी. मग बघू पोरगी कुणाच्या भिंतीकडे धावते.

रंगारीमामा आले. हा माणूस आधी भिंतीवर तळहात ठेवतो, मग बोलतो. डॉक्टर नाडी बघतात तसं.

“प्लॅस्टरला दिवस किती झाले?”

“महिना होऊन गेला,” नवरा म्हणाला.

“मग आत्ता सगळीकडे डिस्टेंपर. ओल आहे आत. डिस्टेंपरमधून भिंतीला श्वास घेता येतो, हळूहळू सुकते. इमल्शनचा थर म्हणजे भिंतीला रेनकोट. बाहेरचं पाणी आत जात नाही ते खरं, पण आतलंही सहज बाहेर येत नाही. मग ते फुगे काढतं. वर्षाने हे डिस्टेंपर खरवडू, अस्तर मारू आणि मग खुशाल इमल्शन लावा.”

“घरात दोन मुलं आहेत,” मी म्हणाले. “डिस्टेंपर पुसायला गेलं की रंगच हातात येतो. वर्षभर मुलांचे हात बांधून ठेवू?”

“वर्षभर डाग पडू द्या, ताई. डागाने भिंत मरत नाही.”

“निदान एका खोलीला. पोरीच्या.”

ती खोली न्हाणीघराला लागून होती, तिचं प्लॅस्टर सगळ्यात शेवटी झालेलं. मामांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी नवऱ्याने मध्यस्थी केली आणि मामांनी एक तोड काढली. त्यांनी हातभर पारदर्शक प्लॅस्टिक घेतलं आणि त्या खोलीच्या भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट डकवलं. “उद्या दहाला येतो. आतल्या बाजूला दव नसेल तर लावतो इमल्शन. दव असेल तर माझ्याशी वाद घालायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी आठलाच मी किल्ली घेऊन तिथे हजर. प्लॅस्टिकच्या आत थेंबच थेंब. एवढे स्पष्ट, की ओलीचा पुरावा म्हणून चौकटीत लावून ठेवावेत.

मी इकडेतिकडे बघितलं. घरात कुणी नव्हतं. चिकटपट्टीची खालची बाजू अलगद सोडवली, पदर आत सारला, प्लॅस्टिक कोरडं केलं, भिंतही पुसली आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. आयुष्यात परीक्षेत कधी कॉपी केली नाही ती बाई मी, आणि भिंतीच्या परीक्षेत केली.

दहाला मामा आले. वाकून बघितलं, मग जरा मागे सरून बघितलं.

“थेंब नाहीत. पण भिंत इथे काळपट दिसते.”

“सावली आहे,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे एक क्षण जास्तच बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं, मी नजर खिडकीकडे वळवली. “बरं,” म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.”

बाकी घराला फिकट पिवळं डिस्टेंपर लागलं आणि भिंगरीच्या खोलीला अस्तर, पुट्टी, पुन्हा अस्तर आणि वर दोन हात आकाशी इमल्शन. राहायला गेलो त्या दिवशी मी तिला कोरी खडूची पेटी दिली आणि म्हणाले, “काढ. काय हवं ते काढ. आता मोठ्या आईकडे कशाला जायचं?”

पंधरा दिवस मी जिंकले होते. भिंगरी शाळेतून थेट घरी यायची. तिने घोडे काढले, घरं काढली, धाकट्याला चार दात काढले. संध्याकाळी मी स्पंज घेऊन मिरवत पुसायचे. जाऊबाई एकदा आल्या, खोली बघून “छान झालीये गं” म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मला गोड झोप लागली त्या दिवशी, खोटं का बोलू.

महिना उलटला आणि न्हाणीघराच्या बाजूने, जमिनीपासून वीतभर वर, रंगाला पहिला फुगा आला. मी कपाट सरकवून झाकला. मग दुसरा आला, मग रांगच लागली. कपाट तरी किती रुंद असणार? त्यामागे भिंतीला मीठ फुटावं तशी पांढरी लव आली. एका संध्याकाळी मी भिंगरीचा घोडा पुसायला गेले तर स्पंजाबरोबर अख्खा घोडा हातात आला. आकाशी पापुद्र्यावर, शेपटीसकट. मागे ओलं, करडं प्लॅस्टर.

भिंगरी भोकाड पसरून रडली. “तू मोडलास माझा घोडा! मोठ्या आईची भिंत नाही मोडत!”

मामांना बोलवावंच लागलं. त्यांनी तळहात ठेवला, नखाने एक पोपडा सोडवला आणि बोटावर पांढरी पूड घेऊन मला दाखवली. “त्या दिवशी सावली नव्हती, ताई.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “आता सगळं खरवडायचं. दोन-तीन महिने भिंत उघडी ठेवायची. मग बघू.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. खरवडण्याची धूळ उडणार ती भिंगरीच्याच खोलीत, तिथे झोपणार कोण? तिला आठ दिवस कुठेतरी ठेवणं भाग होतं. कुठे, ते सांगायची गरज नव्हती. तिने पिशवी भरली पण होती.

या वेळी पिशवी जड होती म्हणून मला उंबरा ओलांडावा लागला. भिंगरी पुढे धावली आणि मी तिच्यामागून त्या आतल्या खोलीत गेले. वर्षभरात पहिल्यांदाच.

खोलीच्या तीन भिंती स्वच्छ होत्या. चौथी खालपासून पोरीचा हात पोचतो तिथपर्यंत भरलेली. आणि तिच्यावर सगळीकडे एकच बाई. तिरकी वेणी, कडेवर टक्कल असलेलं बाळ, हातात लांब साप. आधी मला साप वाटला. मग सापाच्या तोंडातून निळे थेंब उडताना दिसले. तो पाइप होता. दहा-बारा ठिकाणी पाइप धरलेली मी. एकीकडे हसणारी, एकीकडे भुवया वाकड्या केलेली.

“तीन भिंती पुसते मी,” दारातून जाऊबाई म्हणाल्या. “ही पुसू देत नाही. एकदा चुकून स्पंज फिरवला तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणे, माझी आई पुसलीस.”

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. हलकट, घशाशी येणारा आनंद. बघा म्हणावं, कोण मोठी ते! मी तसाच चेहरा घेऊन वळले.

जाऊबाई भिंतीकडे बघत होत्या. “आमच्या जुन्या घराला डिस्टेंपर होतं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पुतण्याने लहानपणी भिंतीला हात लावला की मी पट्टीने मारायचे. तो नोकरीला लांब गेला तेव्हा लक्षात आलं, घरात त्याची एक रेघ नाही. मग हे घर बांधलं तेव्हा इमल्शन लावून घेतलं. म्हटलं, भिंगरी तरी काढेल.” त्या किंचित हसल्या. “काढलं की. रोज तुलाच. मला वाटायचं, एखाद दिवस चुकून मला काढेल. तुझा फार हेवा वाटायचा गं.”

माझ्या हातातली पिशवी खाली ठेवली गेली. हेवा. तोच शब्द, जो मी वर्षभर दाताखाली धरून बसले होते.

“वहिनी,” मी म्हणाले, “ते थेंब मी पुसले होते. प्लॅस्टिकचे. तुमच्या भिंतीवर मात करायला.”

एकदम हसू फुटलं त्यांना, डोळे पुसत पुसत हसल्या. “वेडी आहेस. अगं, विचारायचं तरी. मीसुद्धा वर्षभर थांबले होते रंग द्यायला.”

भिंगरी खाली बसून खडू निवडत होती. तिला सांगावं, आज मोठ्या आईला काढ, असं ओठांवर आलं. गिळलं. सांगून काढलेलं चित्र त्यांना नको होतं, मलाही कळत होतं. मी नुसतीच त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि नवा रंग चढवायची घाई न करता दोघी ती भिंत बघत राहिलो.